सिऱ्हॉसिसच्या रुग्णाचे जेवण: रात्रीचा घास आणि डाळीची भीती

सिऱ्हॉसिस झालेल्या यकृतात साखरेचा साठा फार थोडा मावतो. निरोगी यकृत दिवसभराच्या जेवणातली साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवते आणि रात्री माणूस झोपला की ती थोडीथोडी रक्तात सोडते. म्हणून रात्री आठला जेवलेला धडधाकट माणूस सकाळी आठपर्यंत काही न खाता आरामात राहतो. दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, चरबीचे यकृत अशा कोणत्याही कारणाने यकृतात वण पडून ते आकसले, की ही कोठी लहान होते. साठा मध्यरात्रीच्या सुमारास संपतो. मेंदूला साखर लागतेच, मग शरीर ती स्नायू मोडून तयार करते. अमेरिकेतील ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मोजमाप करून दाखवले, की सिऱ्हॉसिसच्या रुग्णाचे एका रात्रीचे पोट रिकामे राहणे हे निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासाइतके असते. आहाराचे पुढचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

स्नायू झिजणे ही केवळ अशक्तपणाची बाब नाही. आतड्यात तयार होणारा अमोनिया रक्तातून काढून टाकणे हे यकृताचे काम. यकृत थकले की त्यातला बराच भार स्नायू उचलतात आणि अमोनियाचे ग्लुटामिनमध्ये रूपांतर करतात. स्नायू उतरले की हा दुसरा मार्गही अरुंद होतो. त्यामुळे हातापायाच्या काड्या झालेला रुग्ण संसर्गाला लवकर बळी पडतो, साचलेला अमोनिया मेंदूवर चढून वारंवार गुंगीत जातो आणि यकृत प्रत्यारोपणाची वेळ आली तर ती शस्त्रक्रिया त्याला जड जाते.

कावीळीचे पथ्य आणि सिऱ्हॉसिस

कोल्हापूर भागात यकृताचा आजार म्हटले की घरात पहिल्यांदा आठवते ते कावीळीचे पथ्य. तेल बंद, हळद बंद, डाळ बंद, अंडे-मटण तर नावही काढायचे नाही. चालेल ते फक्त उसाचा रस, ताकभात, चुरमुरे आणि उकडलेली भाजी. इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ईची मोठी साथ आली, तेव्हा घरोघरी हेच पथ्य पाळले गेले. त्या कावीळीत यकृत एरवी निरोगी असते आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. पथ्याने फायदा झाला नाही तरी तेवढ्या मुदतीत फारसे नुकसान दिसत नाही, आणि बरे झाल्याचे श्रेय मात्र पथ्याला मिळते.

तेच पथ्य सिऱ्हॉसिसच्या रुग्णाला लावले, की ते महिनोन्‌महिने चालते, कारण हा आजार काही आठवड्यांत उतरणारा नाही. डोळ्यांचा पिवळेपणा जात नाही म्हणून पथ्य आणखी कडक होते. रुग्ण सुकतो, ते आजाराने सुकला असे समजले जाते. खरे तर त्यातला मोठा भाग उपासमारीचा असतो. तेल-तूप बंद करण्याचेही कारण नाही. ज्या रुग्णाला दोन घासांत पोट भरल्यासारखे होते, त्याच्या भातावरचा एक चमचा तूप म्हणजे जागा न अडवणारी शक्ती आहे. हळदीने कावीळ वाढते हा समज तर केवळ रंगावरून आलेला आहे. फोडणीतली चिमूटभर हळद निर्धोक असते. हळदीच्या अर्काच्या गोळ्या आणि अनामिक 'लिव्हरची मात्रा' हा प्रकार वेगळा. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणे आहेत आणि त्या टाळाव्यात.

उसाच्या रसात साखर आणि पाणी आहे, प्रथिने नाहीत. ग्लासभर रस पिऊन रुग्णाची भूक मेली तर तेवढे जेवण बुडते. शिवाय गाड्यावरचा बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे सांगता येत नाही, आणि सिऱ्हॉसिसवर हिपॅटायटिस ए किंवा ईची भर पडली तर ती जिवावर बेतू शकते.

प्रथिने बंद करण्याची चाल कुठून आली

डाळ, दूध, अंडी बंद करा हा सल्ला केवळ शेजाऱ्यापाजाऱ्यांचा नाही. एके काळी तो वैद्यकाच्या पुस्तकांतच होता आणि अजूनही काही जुन्या आहारपत्रकांवर छापलेला सापडतो. त्याचे मूळ १८९३ मध्ये आहे. रशियात पावलोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या आतड्याकडून येणारे रक्त यकृताला वळसा घालून थेट मोठ्या शिरेत सोडले. अशा कुत्र्यांना मांस खाऊ घातले की त्यांची वागणूक बिघडे, ती बेशुद्ध पडत. पुढे १९५० च्या दशकात बोस्टन आणि लंडनच्या डॉक्टरांना सिऱ्हॉसिसच्या काही रुग्णांतही जास्त प्रथिनांनंतर गुंगी वाढताना दिसली. त्या काळी अमोनिया उतरवायला हाताशी फार थोडी औषधे होती. लॅक्ट्युलोजचा वापर सुरू झाला १९६६ मध्ये. म्हणून रोज २०-४० ग्रॅमच प्रथिने द्यायची, गुंगी असेल तर शून्य, असा रिवाज पडला आणि तपासून न पाहताच तो पक्का झाला.

तो तपासला गेला तो फार उशिरा. बार्सिलोनात कोर्दोबा यांच्या गटाने गुंगीत दाखल झालेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला प्रथिने बंद करून हळूहळू वाढवत नेली, दुसऱ्याला पहिल्या दिवसापासून किलोमागे १.२ ग्रॅम दिली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गुंगी उतरण्याचा वेग दोन्ही गटांत सारखाच निघाला. फरक एवढाच, की प्रथिने तोडलेल्यांच्या शरीरातली प्रथिने अधिक मोडली गेली. अभ्यास लहान होता, रुग्ण तिसाच्या आसपास होते. पण त्यानंतरही प्रथिने तोडल्याने फायदा झाल्याचा पुरावा पुढे आलेला नाही. दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातील डॉक्टरांनी सूक्ष्म स्वरूपाचा मेंदूविकार असलेल्या रुग्णांना सहा महिने भरपूर उष्मांक आणि मुख्यतः वनस्पतिज व दुधाची प्रथिने दिली, तेव्हा त्यांची आकलनाची परीक्षा सुधारली आणि उघड गुंगीचे प्रसंग कमी झाले. आज युरोपातील आणि भारतातील यकृततज्ज्ञांच्या संघटना जवळपास सारखेच आकडे सांगतात: रोज किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि ३० ते ३५ कॅलरी. रुग्ण वाळलेला असेल तर वरची मर्यादा धरायची. निरोगी माणसाला किलोमागे एक ग्रॅमच्या आतबाहेर पुरते. म्हणजे सिऱ्हॉसिसच्या रुग्णाला आपल्यापेक्षा जास्त लागते, कमी नव्हे.

गुंगी आली की घरचे आदल्या दिवशीचे जेवण आठवतात आणि 'काल वरण जास्त झालं' असा निष्कर्ष निघतो. खरे कारण बहुधा दुसरीकडे असते. दोन-तीन दिवस शौचाला न होणे हे सर्वांत नेहमीचे. त्याखालोखाल पोटातल्या पाण्यात किंवा लघवीत झालेला संसर्ग, शौचास काळी होणे म्हणजे आतल्या आत रक्तस्राव, लघवीच्या गोळ्यांनी किंवा जुलाबांनी शरीर कोरडे पडणे, आणि झोपेची गोळी. या प्रत्येकावर इलाज आहे आणि तो डाळ बंद करणे हा नाही.

कागदावरचे एक उदाहरण

करवीर तालुक्यातल्या खेड्यात राहणारा ५८ वर्षांचा शेतकरी कल्पावा. सिऱ्हॉसिस आहे, पोटात मध्यम प्रमाणात पाणी आहे, काट्यावर वजन ६६ किलो भरते. हे वजन खरे नाही, कारण त्यात पाणी आहे. पाणी थोडे असेल तर वजनाच्या ५ टक्के, मध्यम असेल तर १० टक्के, पोट ताणलेले असेल तर १५ टक्के वजा करायचे; पायावर सूज असेल तर आणखी ५ टक्के. इथे १० टक्के वजा करून वजन ६० किलोच्या आसपास येते. म्हणजे या माणसाला रोज ७२ ते ९० ग्रॅम प्रथिने आणि १८०० ते २१०० कॅलरी हव्यात.

तो सध्या काय खातो? सकाळी चहा. अकराला एक ज्वारीची भाकरी आणि भाजी. दुपारी पुन्हा चहा. सायंकाळी सातला थोडा भात, एक भाकरी आणि पातळ आमटी, कारण 'डाळ पचायला जड'. दोन भाकऱ्यांची मिळून १२ ग्रॅम प्रथिने, भाताची ४-५, आमटीतल्या डाळीची दोन, चहातल्या दुधाची तीन-चार, भाजीची दोन-तीन. बेरीज पंचवीसच्या पुढे फारशी जात नाही. आणखी वाईट गोष्ट घड्याळात आहे: सायंकाळी सातपासून दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत, मधला चहा सोडला तर, सोळा तास पोटात काही नाही. हे रोज घडते.

हाच माणूस घरात जे आहे त्यावर कसा खाऊ शकेल ते पाहू. उठल्याउठल्या, साडेसहाच्या सुमारास, उकळलेले दूध कपभर, म्हणजे २०० मिली: ७ ग्रॅम प्रथिने. साडेआठला ५० ग्रॅम मूगडाळ भिजवून केलेली दोन धिरडी आणि अर्धी वाटी दही: १४ ग्रॅम. अकराच्या सुमारास मूठभर बिनमिठाचे फुटाणे, ३० ग्रॅम: ६ ग्रॅम. दुपारी एकला दीड भाकरी, ३० ग्रॅम कोरड्या मटकीची घट्ट उसळ, भाजी आणि बिनमिठाचे ताक: १८ ते २० ग्रॅम. साडेचारला चहाबरोबर दोन उकडलेली अंडी: १२-१३ ग्रॅम. रात्री साडेसातला ५० ग्रॅम तांदूळ व ३० ग्रॅम मूगडाळीची खिचडी, वर दोन चमचे तूप, सोबत वाटीभर दही: १४ ग्रॅम. आणि दहाला झोपण्यापूर्वी एक लहान भाकरी दुधात कुस्करून, चवीला थोडा गूळ: १२ ग्रॅम. एकूण ८३ ते ८६ ग्रॅम प्रथिने आणि २१०० च्या आसपास कॅलरी. अंडी न खाणाऱ्याने त्या जागी शेंगदाण्याचा लाडू आणि कपभर दूध घ्यावे. यात वेगळे विकत आणायला लागेल असे काहीच नाही. डब्यातली महागडी पावडर ज्याला अन्नच जात नाही त्याच्यासाठी आहे. इतरांनी तो पैसा दूध-अंड्यावर घालवला तर जास्त पदरात पडते.

हा पल्ला एका दिवसात गाठायचा नसतो. पंचवीस ग्रॅमवर असलेल्या माणसाने आधी रात्रीचा घास सुरू करावा, चार-पाच दिवसांनी सकाळचा नाश्ता, मग दुपारची उसळ घट्ट करावी. ज्याने कित्येक दिवस जवळपास काहीच खाल्लेले नाही, विशेषतः दारू पिणाऱ्याने, त्याला एकदम भरपेट वाढणे धोक्याचे असते: रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्याने उतरतात आणि बी-१ जीवनसत्त्व कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते. अशा माणसाचे खाणे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, बी-१ देऊन आणि हळूहळू वाढवावे.

पाणी नव्हे, डाळ

आजाऱ्याला हलके द्यायचे म्हणून आपल्याकडे पदार्थातले सत्त्व बाजूला ठेवून त्याचे पाणी देण्याची रीत आहे. मुगाचे कढण गाळून देतात, वरणाचा वरचा निवळ देतात. मांसाहारी घरात पांढऱ्या-तांबड्या रश्श्याच्या आधी मटण शिजवलेले अळणी आजाऱ्याला वाटीत देतात आणि फोडी बाकीचे खातात. प्रथिने गाळलेल्या डाळीत आणि बाजूला काढलेल्या फोडीत असतात. पाण्यात त्यांचा अंश थोडा उतरतो. म्हणून कढण गाळू नये, घोटून द्यावे. अळण्याबरोबर मऊ शिजलेल्या चार फोडी द्याव्यात. शंभर ग्रॅम मटणात वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. मटण यकृताला विष आहे हा समज खरा नाही. मात्र रोजचा आधार डाळी, उसळी, दूध आणि दही यांवर ठेवणे बरे, कारण गुंगीचा इतिहास असलेल्या रुग्णाला ही प्रथिने मांसापेक्षा चांगली सोसतात आणि कडधान्यातल्या चोथ्याने शौचास साफ होते.

दुधाबद्दल कोल्हापूरकरांना एक वेगळी सूचना हवी. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध उभ्याउभ्या पिण्याची इथली सवय जुनी आणि अभिमानाची आहे, आणि तालमीतल्या पोराला ती शोभते. सिऱ्हॉसिसच्या रुग्णाची जंतूंशी लढण्याची ताकद कमी झालेली असते. त्याने कच्चे दूध पिऊ नये. पिशवीतले असो वा घरच्या म्हशीचे, उकळूनच घ्यावे. तीच गोष्ट कच्च्या मासळीची, अर्धकच्च्या अंड्याची आणि उघड्यावरच्या कापलेल्या फळांची.

दहाचा घास

रात्रीचा घास हा या सगळ्या आहारातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक भाग आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंडला प्लँक आणि सहकाऱ्यांनी १०३ रुग्णांना वर्षभर तेच पोषक पेय दिले. निम्म्यांनी ते दिवसा घेतले, निम्म्यांनी रात्री नऊनंतर. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रात्री घेणाऱ्यांच्या अंगावर जवळपास दोन किलो मांस चढले, दिवसा घेणाऱ्यांच्या अंगावर तसे काही चढले नाही. पेय सारखे, उष्मांक सारखे, फरक फक्त वेळेचा.

घास म्हणजे नुसता कप दूध किंवा एक बिस्कीट नव्हे. त्यात निदान दोनशे-अडीचशे कॅलरी हव्यात, पन्नास ग्रॅमच्या आसपास पिष्ट पदार्थ हवे आणि सोबत थोडी प्रथिने. भाकरी-दूध हा कोल्हापूरच्या घरातला तयार नमुना आहे. त्याखेरीज दुधातले नाचणीचे सत्त्व, दहीपोहे, दोन राजगिऱ्याचे लाडू आणि दूध, किंवा उरलेल्या खिचडीची वाटी दह्याबरोबर, यांपैकी काहीही चालेल. साखर-गूळ मधुमेहींनी टाळावा, पण घास टाळू नये. त्यांनी भाकरी, डाळीचे धिरडे असे सावकाश पचणारे घ्यावे आणि रात्रीच्या इन्सुलिनची मात्रा डॉक्टरांना विचारून जुळवून घ्यावी. घास झोपण्याआधी अर्धा-पाऊण तास खाल्ला म्हणजे छातीत जळजळ होत नाही.

या घासाने एकूण खाणे वाढलेच पाहिजे असेही नाही. ज्याचे वजन जास्त आहे त्याने रात्रीचे जेवण थोडे कमी करून तेवढेच दहाला खावे. घड्याळाचे गणित असे: दिवसा तीन-चार तासांपेक्षा आणि रात्री नऊ-दहा तासांपेक्षा जास्त वेळ पोट रिकामे राहू नये. म्हणून रात्रीच्या घासाइतकाच सकाळी उठल्यावरचा पहिला घास महत्त्वाचा. पूजा, अंघोळ, शेताची फेरी हे सगळे त्यानंतर.

उपास, व्रत आणि तपासणीच्या रांगा

जोतिबाचा रविवार, महादेवाचा सोमवार, संकष्टी, एकादशी आणि नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस. घरातल्या थोरांना हे सोडायला सांगणे अवघड असते, आणि पुष्कळदा सोडण्याची गरजही नसते. यकृताला पदार्थ कळत नाही, तास कळतात. उपासाचेच पदार्थ दर तीन तासांनी खाल्ले आणि त्यात दूध, दही, राजगिरा व शेंगदाण्याची आमटी ठेवली, तर व्रतही राहते आणि स्नायूही राहतात. साबुदाण्याच्या खिचडीवर मात्र भिस्त ठेवू नये. साबुदाण्यात प्रथिने जवळपास नाहीतच, तेव्हा ती करायचीच तर दाण्याचे कूट सढळ हाताने घालून, दह्याबरोबर. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत निरंकार राहणे, नवरात्रात एकभुक्त किंवा नुसत्या पाण्यावर राहणे हे मात्र सोडायलाच हवे. रमजानच्या रोज्यांनाही हेच लागू आहे: पोटात पाणी झालेल्या, कावीळ चढलेल्या किंवा गुंगीचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाने रोजे धरू नयेत, आणि आजार सौम्य असला तरी आधी डॉक्टरांशी बोलावे.

जो उपास कोणीच उपास म्हणून मोजत नाही तो दवाखान्यातला. सोनोग्राफी, एंडोस्कोपी किंवा रक्ताची तपासणी उपाशीपोटी करायची असते. गगनबावडा किंवा चंदगडकडून पहाटेच्या एस.टी.ने आलेला माणूस आदल्या संध्याकाळी सातला जेवलेला असतो आणि रांगेत त्याचा नंबर बाराला लागतो. उपाय साधा आहे. तारीख घेतानाच सिऱ्हॉसिस आहे असे सांगून सकाळचा पहिला नंबर मागावा, उपाशी राहण्याचे नेमके तास विचारून घ्यावेत, त्याला धरून आदल्या रात्री जितका उशिरा चालेल तितका उशिरा घास खावा आणि तपासणी झाल्याबरोबर खाण्यासाठी डबा सोबत न्यावा.

मीठ: कमी, पण जेवण बुडेल इतके नाही

पोटात पाणी झाले असेल तर दिवसभराचे मीठ सपाट एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅमपर्यंत ठेवतात. ते स्वयंपाकातल्यापेक्षा वरच्या पदार्थांतून जास्त जाते: लोणचे, पापड, खर्डा, भडंग, फरसाण, मिसळीचा कट. घरच्या कांदा-लसूण मसाल्यातही मीठ कुटलेले असते, हे विसरून आमटीत पुन्हा मीठ पडते. रुग्णासाठी थोडा मसाला बिनमिठाचा वेगळा करून ठेवणे सोपे आहे. लिंबू, कोकम, आले, कोथिंबीर, भाजलेले जिरे यांनी चव सांभाळता येते. बाजारात मिळणारे 'लो सोडियम' मीठ मात्र स्वतःहून आणू नये. त्यात पोटॅशियम असते, आणि स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या चालू असताना ते रक्तात धोक्याच्या पातळीला जाऊ शकते.

आणि अळणी जेवणापायी रुग्णाचे खाणे निम्म्यावर आले, तर मिठाचा हट्ट थोडा सैल करून पाण्याचा बंदोबस्त औषधांनी करणे योग्य ठरते. हा निर्णय डॉक्टरांचा, पण ताटात किती उरते हे त्यांना घरच्यांनीच सांगायचे असते. पोट ताणल्याने दोन घासांत भरल्यासारखे होत असेल तर तेही सांगावे. पाणी काढल्यावर भूक मोकळी होते.

सुधारणा की घसरण, हे कसे ओळखायचे

काट्यावर विसंबून भागत नाही. आठवड्यात दोन किलो वाढले ते बहुधा पाणी असते. त्याऐवजी शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर, खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर, महिन्यातून एकदा मोजून वहीत लिहावा. कानशिलांजवळचा खळगा, मांड्यांची झीज, हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठता येते का, हे पाहावे. खाणे वाढवून दोन-तीन महिने झाले तरी घेर उतरतच असेल, तर खाणे खरोखर पोटात जाते का, की ताटात राहते, ते तपासावे आणि आहारतज्ज्ञांना दाखवावे. खाण्याला चालण्याची जोड हवी. बसून राहणाऱ्याच्या अंगी प्रथिने नीट लागत नाहीत.

प्रथिने खरोखरच न सोसणारे रुग्ण असतात, पण थोडे. त्यांच्यातही आधी बद्धकोष्ठ मोडून लॅक्ट्युलोजने दिवसातून दोन-तीनदा मऊ शौचास होईल असे पाहायचे, मग मांसाऐवजी डाळ-दूध द्यायचे, मग तेवढेच अन्न सहा-सात वेळांत वाटायचे. तरीही न जमल्यास शाखित साखळीच्या अमिनो आम्लांची पावडर असते. ती तज्ज्ञांनी लिहून द्यायची. मूत्रपिंडही बिघडले असेल तर आकडे त्या डॉक्टरांनी ठरवावेत. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना बँड लावल्यावर काही दिवस मऊ भात, खिचडी, दूधभाकरी द्यायची. त्यानंतर भाकरी नेहमीसारखी चालते. दारू मात्र कोणत्याही मापात नाही. ती चालू असेल तर वरचे सगळे ताट फुकट जाते.

रात्री जागणे आणि दिवसा झोपणे, सही बदलणे, पैशाच्या हिशेबात चुकणे, पुढे धरलेले हात फडफडणे ही गुंगीची पहिली चिन्हे आहेत. ती दिसताच शौचास केव्हा झाली, ताप आहे का, शौचाचा रंग काळा आहे का, नवी गोळी सुरू झाली का, हे विचारून त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. रुग्ण ग्लानीत असेल, हाक मारल्यावर नीट उठत नसेल, तर तोंडात दूध, पाणी किंवा ग्लुकोज काहीही घालू नये. ते फुप्फुसात जाते. अशा वेळी रुग्णालयात नाकातून नळी घालून अन्न देतात. तिथे आहारपत्रकावर 'प्रथिने बंद' असे दिसले, तर किती दिवसांसाठी आणि कशासाठी, हे नातेवाइकांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना जरूर विचारावे.